दहा विहिरी, एक वही

अकरावीचे वर्ग सुरळीत सुरू झाले, की महिन्याभरात प्रकल्पाची सूचना फलकावर लागते. राज्य मंडळाच्या ज्युनियर कॉलेजांत 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांना सक्तीचा आहे आणि त्यात प्रकल्प करावाच लागतो. मग घरोघरी विषयाचा शोध सुरू होतो. तो बहुधा थोरल्या भावंडाच्या जुन्या वहीत संपतो: जागतिक तापमानवाढ, प्लास्टिकमुक्त गाव, पाणी वाचवा. इंटरनेटवरून उतरवलेली माहिती, रंगीत चित्रं, शेवटी निष्कर्ष. गुण मिळतात आणि परीक्षेनंतर ती वही कुणी उघडत नाही.

हेच काम विज्ञान प्रदर्शनात मांडता येतं, स्पर्धेला पाठवता येतं, पुढे एखाद्या विद्यापीठाच्या मुलाखतीत त्यावर वीस मिनिटं बोलता येतं. मात्र त्यासाठीचा बराचसा निर्णय विषय निवडतानाच झालेला असतो. भपकेदार विषय इथे कामाला येत नाही. जिथे प्रत्येक आकडा आपण स्वतः मोजलेला असेल, असा लहान प्रश्न लागतो. आणि पुढे आपल्याला ज्या दारात जायचं आहे, तिथले नियम पहिलं मोजमाप घेण्याआधी माहीत असावे लागतात. हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते एकाच विषयावरून पाहू. विषय आहे गावातल्या विहिरींची पाणीपातळी.

प्रकल्प कुठे उपयोगी पडतो, कुठे नाही

आधी पालकांचा एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या शिष्यवृत्त्या प्रकल्प पाहतच नाहीत. महाडीबीटीवरून मिळणारी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती उत्पन्न आणि प्रवेशाच्या अटींवर ठरते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-शी ही मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपये देणारी शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी बारावीच्या मंडळातले सर्वांत वरचे एक टक्का गुण किंवा ठरावीक प्रवेश परीक्षांतला क्रमांक पाहिला जातो. आयसरचा प्रवेश त्यांच्या स्वतंत्र परीक्षेवर होतो. जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी यांच्या गुणांत तर प्रकल्पाला जागाच नाही. ज्या मुलाचं सगळं लक्ष या परीक्षांवर आहे, त्याने प्रकल्प नेटका करावा, पण त्यातून शिष्यवृत्ती मिळेल असं धरून चालू नये.

प्रकल्पाचं वजन पडतं ते तीन प्रकारच्या ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे स्पर्धा आणि प्रदर्शनं. तालुक्यापासून राज्यापर्यंत जाणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात नववी ते बारावीचा गट असतो. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते आणि तिथे स्थानिक प्रश्नावर स्वतः केलेला अभ्यासच मागतात. आयरिस ही राष्ट्रीय स्पर्धा आहे आणि तिच्यातून निवडलेले विद्यार्थी अमेरिकेतल्या आयसेफ या विज्ञान मेळ्याला जातात. पाण्याच्या विषयासाठी १५ ते २० वर्षांच्या मुलांचं स्टॉकहोम ज्युनियर वॉटर प्राइझही आहे. दुसरं ठिकाण म्हणजे निबंध किंवा मुलाखत घेऊन प्रवेश देणारी विद्यापीठं. अझीम प्रेमजी किंवा अशोका अशा विद्यापीठांत प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याशी बोललं जातं आणि आर्थिक मदत गरजेप्रमाणे ठरते. परदेशातल्या पदवी प्रवेशाचंही असंच आहे. तिसरं ठिकाण म्हणजे शिक्षकाचं शिफारसपत्र. विद्यार्थ्याने सहा महिने केलेलं काम ज्या शिक्षकाने पाहिलं आहे, त्याच्या पत्रात ठोस उदाहरणं येतात. इतरांना 'हुशार व मेहनती' याच्या पुढे फारसं लिहिता येत नाही.

या तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस सुरुवातीलाच विचारतो, की यातलं तू स्वतः काय केलंस? विषय निवडताना हा प्रश्न डोळ्यासमोर ठेवला, की अर्ध्याहून अधिक विषय आपोआप गळतात.

पाणीटंचाईपासून एका बंधाऱ्यापर्यंत

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यात एका खेड्यात राहणारी अकरावीची मुलगी आहे. तिला पाण्यावर काहीतरी करायचं आहे. तिने पहिल्यांदा लिहिलेला विषय आहे 'महाराष्ट्रातील पाणीटंचाई: कारणे व उपाय'. या विषयात तिला मोजता येण्यासारखं काही नाही. जे लिहायचं ते दुसऱ्यांनी लिहिलेलंच असणार.

शिक्षकांनी तिला विचारावं, की तुझ्या गावात पाण्यासाठी काय केलं गेलंय? ती सांगते, की ओढ्यावर सिमेंटचा बंधारा आहे. लोक म्हणतात, बंधारा झाल्यापासून विहिरींना पाणी टिकतं. आता विषय गावात आला. पुढचा प्रश्न, की लोक म्हणतात ते खरं आहे हे कशावरून कळेल? बंधाऱ्याजवळच्या विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर सावकाश उतरायला हवी आणि लांबच्या विहिरींची लवकर. म्हणजे प्रकल्पाचा प्रश्न असा होतो: 'ऑक्टोबर ते मार्च या काळात बंधाऱ्यालगतच्या पाच विहिरींची पाणीपातळी आणि बंधाऱ्याच्या प्रभावाबाहेरच्या पाच विहिरींची पाणीपातळी किती उतरते?'

या एका वाक्यात जागा आहे, काळ आहे, मोजायची गोष्ट आहे आणि तुलना आहे. उत्तर 'फरक पडत नाही' असं निघालं तरी प्रकल्प पूर्ण होतो. विषय योग्य आकाराचा झाला की नाही, हे ओळखायची खूण तीच. 'उपाय', 'जनजागृती', 'महत्त्व' असे शब्द शीर्षकात उरले असतील, तर मोजायची गोष्ट अजून सापडलेली नाही असं समजावं.

तुलनेसाठी कुठल्या विहिरी निवडायच्या, यावर या प्रकल्पाचं खरं डोकं चालतं. पहिल्यांदा वाटतं, पाच विहिरी बंधाऱ्याजवळच्या घ्याव्यात आणि पाच माळावरच्या. पण ओढ्याकाठच्या विहिरींना बंधारा नसतानाही माळापेक्षा जास्त पाणी असतं. मग दिसलेला फरक ओढ्याचा की बंधाऱ्याचा, हे सांगता येणार नाही आणि जाणकार परीक्षक याच जागी बोट ठेवेल. म्हणून लांबच्या पाच विहिरीही त्याच ओढ्याकाठच्या घ्यायच्या, फक्त वरच्या अंगाला, जिथे बंधाऱ्याचं तुंबलेलं पाणी पोचत नाही. ओढा दोन्हीकडे सारखा राहिला, की बंधाऱ्याचा फरक वेगळा पाहायची शक्यता निर्माण होते.

दोर, टेप आणि मोटरची वेळ

या प्रकल्पाचा खर्च जेमतेम आहे. तीस मीटरची टेप, तिच्या टोकाला बांधायला लहानसं वजन, खडू, ऑइलपेंटचा डबा आणि पक्क्या बांधणीची वही. सुरुवातीला प्रत्येक विहीर-मालकाची परवानगी घ्यायची आणि कठड्यावर एका ठिकाणी रंगाची खूण करायची. प्रत्येक वेळी त्याच खुणेपासून मोजायचं. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून ठेवायची आणि दरवेळच्या आकड्यातून वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते कळतं. टेपच्या शेवटच्या अर्ध्या मीटरला खडू घासला, की पाण्यात बुडालेला भाग ओला होऊन गडद दिसतो. खुणेशी आलेल्या आकड्यातून ओल्या भागाची लांबी वजा केली, की पाण्यापर्यंतचं अंतर मिळतं. वाकून अंदाज घेण्यापेक्षा हे कितीतरी अचूक आहे आणि सुरक्षितही. विहिरीवर एकट्याने कधीच जायचं नाही आणि कठडा ढासळलेली विहीर यादीत घ्यायचीच नाही.

विहिरीची माहितीही पहिल्याच भेटीत लिहायची: खोली, व्यास, मोटर किती अश्वशक्तीची, भिजणारं पीक कोणतं आणि किती एकर. मालक खोली फुटांत सांगतील, एखादे आजोबा परसांत सांगतील. ते जसंच्या तसं नोंदवून स्वतः मोजलेला मीटरचा आकडा शेजारी लिहावा. आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी: विहीर खोदताना काय लागलं? मुरूम किती हात होता, मांजऱ्या खडक लागला का, काळा पाषाण कुठून सुरू झाला? आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहतं. त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरी वेगळ्या वागू शकतात. मालकाच्या आठवणीतली ही माहिती पुढे आकड्यांचा अर्थ लावताना लागते.

मोजणी दर पंधरवड्याला. १५ ऑक्टोबरपासून १५ मार्चपर्यंत अकरा वेळा, म्हणजे दहा विहिरींचे मिळून एकशे दहा आकडे. एका फेरीला सकाळचे साधारण दोन-अडीच तास. अभ्यास सांभाळून हे जमतं.

पण हे एकशे दहाही आकडे फसवे निघू शकतात, आणि त्याचं कारण मोटर. शेतीची थ्री-फेज वीज बऱ्याच गावांत काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर पहाटेपर्यंत चाललेली असेल, तर सकाळी सातला विहीर उपसलेली सापडते आणि तिच्यात पाणी अजून भरत असतं. त्या आठवड्यात सगळ्या विहिरी एकदम खाली गेल्यासारख्या दिसतात. हे ओळखायची सोपी रीत अशी, की पहिलं माप घ्यायचं, अर्ध्या तासाने त्याच विहिरीवर परत यायचं आणि दुसरं घ्यायचं. दोन्हींत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर विहीर अजून भरते आहे, तो आकडा स्थिर पातळीचा नव्हे. अशा वेळी मोटर कधी बंद झाली ते मालकाला विचारून वहीत लिहायचं आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. या एका रकान्यामुळे वहीची किंमत वाढते, कारण तो रकाना विहिरीवर न जाता भरता येत नाही.

वही शाईने लिहायची. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, खोडरबर नाही. तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, सोबत कोण होतं, सगळं तिथेच, त्याच वेळी. नंतर सुवाच्य अक्षरात उतरवलेली वही कॉलेजला द्यावी, पण मातीचे डाग पडलेली मूळ वही जपावी. स्पर्धेचे परीक्षक तीच मागतात. पावसाचे आकडे कृषी विभागाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळानुसार मिळतात, ते जोडावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मिळाले, तर आपल्या मोजणीला आधार होतो.

आकडे समोर आल्यावर

आता मार्च उजाडला. उदाहरण म्हणून असं धरू, की बंधाऱ्यालगतच्या पाच विहिरींची पातळी अनुक्रमे २.१, २.४, १.९, २.६ आणि ५.५ मीटरने उतरली. वरच्या अंगाच्या पाच विहिरी ३.८, ४.४, ४.१, ३.६ आणि ४.६ मीटरने उतरल्या. पहिल्या गटाची सरासरी २.९ मीटर, दुसऱ्याची ४.१. फरक १.२ मीटरचा. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि 'बंधाऱ्यामुळे पाणी टिकते' असा निष्कर्ष लिहितात.

पण पाचव्या विहिरीकडे पाहा. ती बंधाऱ्यालगत असूनही सगळ्यांत जास्त उतरली आहे. तो आकडा नको म्हणून गाळला, तर पहिल्या गटाची सरासरी २.२५ वर येते आणि फरक आणखी ठसठशीत दिसतो. तो मोह टाळायचा. पहिल्या भेटीतल्या नोंदी उघडायच्या. तिथे लिहिलेलं असतं, की या विहिरीवर दोन एकर ऊस आहे आणि इतर नऊ विहिरींवर ज्वारी आणि हरभरा. म्हणजे ऊस भिजवणाऱ्या एका मोटरने बंधाऱ्याचा लाभ पुसून टाकला असण्याची शक्यता आहे. अहवालात दोन्ही सरासऱ्या द्यायच्या, पाचवी विहीर वेगळी दाखवायची आणि कारण काय असावं ते लिहायचं. या प्रकल्पातला सगळ्यांत मोलाचा भाग हाच. बंधाऱ्याचं पाणी कुणाला मिळतं आणि ते कशावर खर्च होतं, हा नवा प्रश्न इथूनच उभा राहतो आणि पुढच्या वर्षीच्या कामाला दिशा मिळते.

निष्कर्षाची मर्यादाही आखायला हवी. दहा विहिरी, एक गाव, एक हंगाम. पाऊस चांगला झालेल्या वर्षी दोन्ही गटांतला फरक कमीही दिसू शकतो. बंधारा बांधण्याआधीचे आकडे आपल्याकडे नाहीत. त्यामुळे 'या वर्षी, या गावात, बंधाऱ्यालगतच्या पाचांपैकी चार विहिरी वरच्या अंगाच्या सगळ्या विहिरींपेक्षा कमी उतरल्या' इतकंच म्हणता येतं. असं मोजकं विधान करणाऱ्या विद्यार्थ्यावर परीक्षक विश्वास ठेवतात. राज्याच्या पाणीप्रश्नाचं उत्तर दहा विहिरींतून काढणाऱ्याला ते पुढचा प्रश्न विचारतात आणि तिथे उत्तर अडतं.

नियम आधी वाचायचे

चांगलं काम झाल्यावर स्पर्धेत पाठवायला जावं आणि तिथे ते बसू नये, असं दरवर्षी होतं. कारण बहुधा काम सुरू करण्याआधीचं असतं.

पहिली अडचण वयाची आणि गटाची. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुलं भाग घेतात आणि प्रकल्प दोघांचा असतो. अकरावीतल्या ज्या विद्यार्थ्याला सतरा पूर्ण होत आली आहेत, त्याने त्या वर्षाची अट आधी पाहायला हवी. परिषदेचा मुख्य विषयही दर दोन वर्षांसाठी ठरलेला असतो आणि आपला प्रश्न त्यात बसवून मांडावा लागतो. आयसेफमध्ये गट जास्तीत जास्त तिघांचा. कॉलेजने पाच-पाच जणांचे गट पाडले असतील, तर ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी मोजणीची कामं सुरुवातीपासूनच वेगळी वाटून घ्यावीत.

दुसरी अडचण काळाची. आयसेफसाठी मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंतच्या काळातलं, सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त नसलेलं काम चालतं. त्याआधीचं काम जुनं म्हणून वेगळं दाखवावं लागतं. म्हणजे आपल्या मुलीचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा हप्ता कॉलेजच्या प्रकल्पाला उत्तम आहे, पण त्या स्पर्धेचा विचार असेल तर तिने मोजणी जानेवारी ते डिसेंबर अशी धरावी. त्यात उन्हाळ्यातली उतरती पातळी आणि पावसाळ्यातलं भरणं असं पूर्ण चक्र येतं. मात्र राष्ट्रीय फेरी बारावीच्या वर्षात येते आणि बोर्डाच्या परीक्षेशी तिची गाठ पडते, हे घरात बसून आधीच ठरवायला हवं.

तिसरी अडचण परवानगीची, आणि हीच सगळ्यांत जास्त आडवी येते. माणसांना प्रश्न विचारायचे असतील, अगदी दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली असली तरी, आयसेफच्या नियमांनुसार आधी परीक्षण समितीची लेखी मान्यता लागते. ही समिती शाळेतही नेमता येते. तिच्यात एक शिक्षक, एक शाळेचा प्रशासक आणि धोक्यांची जाण असलेला, उदाहरणार्थ वैद्यकीय क्षेत्रातला, एक जण असे किमान तिघे असतात. प्रश्नावली भरून घेतल्यानंतर मिळवलेली मान्यता चालत नाही. पाण्यातले जिवाणू घरी बशीत वाढवून पाहणं तर सरळ नियमबाह्य आहे, ते काम प्रयोगशाळेतच व्हायला हवं. 'आमच्या नळाच्या पाण्यातले जिवाणू' हा आवडता विषय त्यामुळे बऱ्याचदा बाद होतो. विहिरीची पातळी टेपने मोजण्यात अशी कुठलीच अडचण नाही, हाही या विषयाचा एक फायदा. तरी विहिरीवरची सुरक्षितता कशी सांभाळणार, हे कामाच्या आराखड्यात लिहावं.

याच टप्प्यावर पैसे घेऊन 'आंतरराष्ट्रीय नियतकालिकात' शोधनिबंध छापून देणाऱ्यांच्या जाहिराती समोर येतात. तपासणी न करता छापलेल्या निबंधाला जाणकार मुलाखतकार किंमत देत नाहीत. तो खर्च टाळावा.

त्याच विहिरी, वेगळ्या वाटा

पुढे काय शिकायचं आहे, त्याप्रमाणे विषय बदलावा असं अनेकांना वाटतं. बऱ्याचदा विषय तोच ठेवून प्रश्न बदलला तरी भागतं. स्थापत्य अभियांत्रिकी, कृषी किंवा भूशास्त्राकडे जाणारी मुलगी मोटर बंद झाल्यावर दर दहा मिनिटांनी पातळी मोजून विहीर किती वेळात भरते ते काढू शकते. विहिरीचा व्यास माहीत असल्यामुळे तासाला किती लिटर पाणी झिरपून येतं, हा हिशोब अकरावीच्या गणितात बसतो.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी त्याच दहा विहिरींवर पाण्याची किंमत काढेल. मोटरचे तास, विजेचं बिल, गाळ काढण्याचा खर्च, पाणी आटल्यावर टँकरला मोजलेले पैसे. हजार लिटर पाणी ऑक्टोबरात कितीला पडतं आणि एप्रिलमध्ये कितीला, हा तक्ता अर्थशास्त्राच्या किंवा लेखापरीक्षणाच्या वाटेवर जाणाऱ्यासाठी खरा अभ्यास आहे. इथे माणसांकडून माहिती घ्यायची असल्याने परवानगीचा नियम लागू होतो, हे विसरू नये.

कला शाखेची, कायदा किंवा प्रशासनाकडे डोळा असलेली विद्यार्थिनी गावाचा नकाशा काढून विहिरी आणि बोअर त्यावर मांडेल आणि त्यांच्या खोलीची सांगड महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्याशी घालेल. या कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर 'खोल विहीर' ठरवली आहे. गावातले किती बोअर त्यापेक्षा खोल आहेत आणि त्या कायद्याची माहिती कितीजणांना आहे, हा शोध वर्तमानपत्रात छापण्याच्या योग्यतेचा होऊ शकतो. माहिती मात्र मालकांची नावं न घेता मांडायला हवी, नाहीतर पुढच्या वेळी कुणी दार उघडणार नाही.

एका वाक्यात सांगता यावं

अमेरिकेतली अनेक विद्यापीठं 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' या सामायिक अर्जावर प्रवेश देतात. त्यात विद्यार्थ्याला आपले उपक्रम जास्तीत जास्त दहा ओळींत मांडावे लागतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. तिकडे जायचं असो वा नसो, विषय पक्का करण्याआधी ही चाचणी घ्यावी. काम पूर्ण झालं आहे अशी कल्पना करून ते एका वाक्यात लिहून पाहावं. 'पाणीटंचाईवर जनजागृती व सर्वेक्षण केले' या वाक्यातून काही कळत नाही. 'पाच महिने दर पंधरवड्याला दहा विहिरींची पातळी मोजली. बंधाऱ्यालगतच्या पाचांपैकी चार कमी उतरल्या, उसाची एक सर्वांत जास्त' हे वाक्य त्या मर्यादेत बसतं आणि वाचणाऱ्याला पुढचं विचारावंसं वाटतं. मुलाखतीतही बोलणं इथूनच सुरू होतं: उसाच्या विहिरीचं काय झालं, मोटरची अडचण कशी ओळखली, वरच्या अंगाच्याच विहिरी का घेतल्या. प्रत्यक्ष मोजणी केलेल्या मुलीला या प्रश्नांची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

सप्टेंबरात करायची कामं म्हणजे मोजकी आहेत. गावात किंवा गल्लीत स्वतःला वारंवार मोजता येईल अशी एक गोष्ट शोधायची. तिच्यावर तुलनेचा एक प्रश्न तयार करायचा. तो प्रश्न घेऊन शिक्षकांकडे जायचं आणि त्यांच्यासमोर त्या वर्षीच्या स्पर्धांची वयाची, गटाची, काळाची आणि परवानगीची अट वाचायची. मग एकाच ठिकाणी दोनदा मोजून पाहायचं, दोन्ही आकडे जुळतात का ते तपासायचं. ते जुळले नाहीत तर का जुळले नाहीत हे शोधायला सप्टेंबर पुरतो, फेब्रुवारीत तेवढा वेळ हाताशी नसतो.